खाणारी तोंडं

भूकंपात माझी बहीण आणि मेहुणे गेले. त्यांची मुलगी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. तिला मी लातूरला घेऊन आलो. तेव्हा गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या. त्यातल्याच एका क्लासमध्ये मी इतिहास शिकवायचो आणि नोट्सही काढायचो.

ती आठवीत गेली त्या वर्षी संचालकांनी मला पुस्तकातला एक परिच्छेद दाखवला. ‘एकतर्फी मुक्त व्यापाराच्या धोरणाने देशी हस्तोद्योगांचा ऱ्हास होऊन कृषिक्षेत्रावरील लोकसंख्येचा भार वाढला.’ ते म्हणाले, “सर, पोरांना ह्यातलं काही कळत नाही. सोपं करून द्या.”

दुपारी घरी बसून मी लिहिलं : ‘इंग्लंडचं गिरणीतलं कापड इथं यायचं, त्यावर जकात नाममात्र. आपलं कापड तिकडं जायचं, त्यावर जकात भारी. शिवाय गिरणीचं कापड स्वस्त. मग आपल्या विणकरांचं कापड कोण घेणार? त्यांचे माग बंद पडले. ते शेतीकडं वळले. जमीन तेवढीच, खाणारी तोंडं वाढली.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. कागद भाचीला दिला. “वाच. कळतंय का सांग.”

तिनं बोट फिरवत दोनदा वाचलं.

“कळतंय, मामा. जकातीचं तर लई सोपं झालंय. पण हे विणकर शेतात काम करायचे ना?”

“हाव. मजुरी करायचे, कुणी वाट्यानं जमीन कसायचे.”

“मग त्यांना नुसती खाणारी तोंडं कामून म्हणायचं?”

मी कागद तिच्या हातातून घेतला. ती खाली बघत हळूच म्हणाली, “तुम्ही मामीला म्हणला होता. आपल्या घरात एक खाणारं तोंड वाढलं म्हणून. मी तेव्हा भांडी घासत होते.”

म्हणालो होतो. ती आली त्याच महिन्यात, वैतागून. ती घरात कुठं आहे हे बघायचंही मला सुचलं नव्हतं.

माफी मागायला हवी होती. मी पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. “तूच सांग, काय लिहू?”

तिनं खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “लिहा, त्यांना विणता येत होतं, पण त्यांचं कापड कुणी घेईना. म्हणून ते दुसऱ्याच्या रानात गेले. तिथं आधीच माणसं होती.”

मी तसंच लिहिलं. क्लासमध्ये त्याच्या झेरॉक्स वाटल्या. पोरं म्हणाली, सर, आता कळलं.

दहावी झाल्यावर तिनं नांदेडच्या वसतिगृहाचा फॉर्म स्वतःच आणून भरला. “इथंच शीक की,” असं मी दोनदा म्हणालो. ती हसली, “नको मामा, तिकडं बरं पडंल.” एसटीत बसताना ती माझ्या पाया पडली. त्या वेळीसुद्धा माफीचे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. पुढं सुट्टीत ती यायची, दोन दिवस राहायची, आणि त्या दोन दिवसांत मामीच्या हातातलं सगळं काम ओढून घ्यायची.