सहाशे शब्दांत चंद्रिका

चंद्रिका दुधनीची. सव्वीस वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात समाजशास्त्राला होती आणि प्रश्न विचारून विचारून मला भंडावून सोडायची. बी.ए.चा निकाल लागला त्याच महिन्यात तिचे वडील गेले. ते बँकेत शिपाई होते. घरात आई आणि दोन धाकटी भावंडं, त्यामुळे एम.ए.चा अर्ज कपाटात गेला आणि चंद्रिका अनुकंपेवर सोलापूरच्या शाखेत कारकून झाली. पुढे लग्न, मुलगी, भावंडांची शिक्षणं, सगळं रीतसर झालं. तिचं स्वतःचं तेवढं राहून गेलं, आणि त्याची कुणी चौकशीही केली नाही. मीही नाही.

गेल्या जानेवारीत ती माझ्या घरी आली. मुलगी नोकरीला लागली होती. नवऱ्यानं हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबानं हो. बँकेत बायकांना उभ्या नोकरीत एकदा दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळते, ती तिनं मोठ्या खटपटीनं मंजूर करून घेतली होती. बंगळूरच्या एका विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.ला अर्ज करायचा होता. यंदा प्रवेश मिळाला तर मिळाला. रजेचा कागद पुन्हा हलवायला तिच्या अंगात बळ नव्हतं, आणि वय अठ्ठेचाळीस.

अर्जासोबत एक निवेदन द्यायचं होतं. हा विषय का, आताच का, इथंच का, शिकून काय शोधायचंय, हे सहाशे शब्दांत आणि इंग्रजीत. तिनं ते आधी मराठीत लिहून आणलं होतं. "सर, तुम्ही बघा आणि इंग्रजी करून द्या," म्हणाली. मी चष्मा लावला. निवृत्त मास्तरला कुणी लाल पेन हातात दिलं की त्याला किती आनंद होतो, हे मास्तरच जाणे.

निवेदनात मल्लव्वा होती. भवानी पेठेत राहणारी, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. नवऱ्यामागे मिळणारं पेन्शन चालू राहावं म्हणून दर नोव्हेंबरात बँकेत येऊन हयातीचा दाखला द्यायची. चंद्रिका कानडी बोलते म्हणून ती कायम हिच्याच खिडकीशी यायची. सुनेच्या तक्रारीसुद्धा हिलाच सांगायची. एका वर्षी शाखेत फर्मान निघालं की दाखले मशीनवर बोट टेकवूनच घ्यायचे. मल्लव्वाची बोटं चाळीस वर्षं विड्या वळून गुळगुळीत झालेली. मशीन तिला ओळखेना. कागदी फॉर्म होता, अधिकाऱ्याच्या सहीनं तो चालतो हे चंद्रिकाला पाठ होतं. पण रांग मोठी, साहेब डोक्यावर उभे. ती म्हणाली, उद्या या. असं तीनदा म्हणाली. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं विचारलं ते चंद्रिकानं कानडीतून मराठीत उतरवलं होतं:

"तू मला ओळखतीस की. मग त्या मशीनला कशाला इचारतीस?"

पेन्शन डिसेंबरात थांबलं. फेब्रुवारीत कुणीतरी कागदी फॉर्म भरून दिला तेव्हा सुरू झालं, थकलेलंही मिळालं. पण मल्लव्वा त्यानंतर दुसऱ्या खिडकीशी उभी राहू लागली. चंद्रिकानं शेवटी लिहिलं होतं: समोरच्या बाईला मी वीस वर्षं ओळखत होते, तरी ओळखत नाही असं मला का म्हणावंसं वाटलं, आणि ते म्हणताना मला काहीच का वाटलं नाही, हे मला शिकायचं आहे.

मी ते वाचलं आणि ते मला कळलं नाही. छत्तीस वर्षं समाजशास्त्र शिकवून कळलं नाही, हे इथं लिहायची मला लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

मी तिला समजावलं की निवेदनात कुणी स्वतःची चूक सांगत नाही. बँकेची तर नाहीच, उद्या साहेबांच्या हाती लागलं तर रजा जाईल. शिवाय हे फार घरगुती आहे. तिथल्या विद्वानांना अभ्यासाची भाषा लागते. मग मी मल्लव्वाला काढलं. तिच्या जागी डिजिटल वंचितता घातली, वित्तीय समावेशन घातलं, परिघावरील घटक घातले. तिनं सव्वीस वर्षांत वाचली नव्हती अशी तीन पुस्तकं तिच्या नावावर टाकली आणि ती वाचून घे म्हणून सांगितलं. सगळं भारदस्त इंग्रजीत उतरवलं. पाचशे ब्याण्णव शब्द झाले. मी खूष.

चहा घेऊन आलेल्या लीलानं, माझ्या बायकोनं, आधीचा कागद उचलून वाचला. "हेच पाठव की," एवढंच ती म्हणाली. मी तिला सांगितलं, तुला यातलं काही कळत नाही.

बँकेत खालच्यानं टिपणी लिहायची, वरच्यानं दुरुस्त करायची आणि खालच्यानं स्वच्छ प्रत काढून सही करायची, ही चंद्रिकाची सव्वीस वर्षांची सवय. तिनं माझ्या मजकुराची स्वच्छ प्रत काढली आणि पाठवली. मला वाटलं, पटलं तिला.

एप्रिलमध्ये ऑनलाइन मुलाखत झाली, माझ्याच घरी, कारण आमचं नेट बरं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. पलीकडे तिघं होते. त्यांनी पुस्तकांबद्दल विचारलं. ती अडखळली, पण निभावलं. मग त्यांतल्या बाईंनी विचारलं की तुम्ही वंचित लोकांबद्दल एवढं लिहिलंय, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगता येईल का.

तिनं मल्लव्वाचं नाव सांगितलं. मग बँकेतल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळंच सांगितलं, बोटांपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत. पलीकडे तिघंही हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते. बोलणं संपल्यावर त्या बाई म्हणाल्या की हे तुमच्या निवेदनात असतं तर आम्ही दुसरंच काही विचारलं असतं. ते निवेदन तुमचं वाटत नाही. हे का नाही लिहिलंत?

चंद्रिकानं कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जागा पुरली नाही, म्हणाली.

मी उठून म्हणायला हवं होतं की त्यातलं एक वाक्यही तिचं नाही, ते मी लिहिलंय. उठलो नाही. खुर्ची वाजेल म्हणून पायसुद्धा हलवला नाही. नंतर आपण म्हणू, फोन करू, पत्र लिहू, असं मनाशी म्हणत राहिलो, आणि ते पत्र मी कधी लिहिलं नाही. मे महिन्यात निवडलेल्यांची यादी लागली. तिचं नाव नव्हतं, प्रतीक्षा यादीतही नव्हतं. तिनं रजा रद्द करून घेतली आणि मला पेढे नाहीत पण कळवायला म्हणून फोन केला. "तुम्ही लई कष्ट घेतले सर," म्हणाली. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की पुढचं वर्ष नाही.

नोव्हेंबरात मी माझा हयातीचा दाखला द्यायला तिच्या शाखेत गेलो. दुसऱ्या खिडकीशी रांग कमी होती. तिकडे जावं असं मनात आलं, पण चंद्रिकानं पाहिलं होतं. मी मशीनवर बोट ठेवलं. लाल दिवा लागला. पुसून ठेवलं, दुसरं ठेवलं, अंगठा ठेवला. वयानं माझीही बोटं कोरडी पडली आहेत. मागचे लोक कुजबुजू लागले.

चंद्रिकानं खणातून कागदी फॉर्म काढला, माझं नाव न विचारता भरला आणि अधिकाऱ्याची सही आणायला उठली.

"असू द्या सर," ती म्हणाली. "मी ओळखते तुम्हाला."