भुरीची उडी

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात नागप्पांनी अडतीस वर्षं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. रिटायर झाले तरी गल्लीतली माणसं आधी त्यांच्याच दारात येत. बैल कसा उभा राहतो ते बघून ते दुखणं सांगत आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. या एका गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

म्हणून शेजारची अंगणवाडीताई महानंदा धावत आली तेव्हा ते लगेच उठले.

"मामा, आमची भुरी मागचा पाय आपटून राहिली. धप्‌ धप्‌! आन्‌ काल संध्याकाळी तर हवेत उडून आंगच पिळलं तिनं. डोकं इकडं, ढुंगण तिकडं!"

महानंदाकडे दोन ससुल्या होत्या, सख्ख्या बहिणी. राखाडी ती भुरी, पांढरी ती बत्ताशी. नागप्पांनी भुरीला उचललं, पोट चाचपलं आणि निकाल दिला. पोटशूळ उठलेला बैल असाच मागचा पाय झाडतो. आणि अंग पिळून उडणं म्हणजे फेफरं.

"हिंडू देऊ नको. टोपल्याखाली ठेव. आराम पडंल."

महानंदाच्या अंगणात मोठं वेताचं टोपलं पालथं घातलं, वर दगड ठेवला. भुरी आत, बत्ताशी मोकळी.

सकाळी महानंदा परत दारात उभी. डोळे लाल.

"मामा, रात्रभर पाय आपटला तिनं. पाल्याला तोंड न्हाई लावलं. लेंड्या बी न्हाईत."

सशानं एक दिवस खाणं सोडलं की आतडी थांबतात, मग तो हातचा जातो, हे नागप्पांना ठाऊक होतं. दवाखान्यात असे दोन-तीन ससे त्यांच्या देखत गेले होते. इथं तर टोपलं त्यांनीच घालायला लावलेलं.

ते तिच्या अंगणात गेले आणि शहाबादी फरशीवर सरळ आडवे झाले, कान खाली टेकवून. पाठोपाठ आलेल्या बायकोनं, शिवम्मानं, कपाळावर हात मारला.

"अय्यो! पेशंट ससुली हाय का तुमी?"

"गप की जरा. बघू दे."

बराच वेळ काही झालं नाही. मग टोपल्याच्या फटीतून दिसलं, भुरीचे कान ताठ झाले. नाकाची थरथर थांबली. अंग दगडासारखं. आणि धप्‌! फरशीतून तो आवाज नागप्पांच्या गालाला लागला. त्याच क्षणी पलीकडे पाण्याच्या ड्रममागं पाला खात असलेली बत्ताशी सुसाट पळाली आणि बाजेखाली चपटी झाली.

नागप्पांनी मान वर केली. भिंतीवर काळा बोका बसला होता. ड्रममागून तो दिसणं शक्यच नव्हतं.

"अगं माय," ते पुटपुटले, "ही बहिणीला सांगून राहिली. दुश्मन आला म्हणून."

"मंग रात्रभर?" महानंदानं विचारलं.

"बोका हिंडत आसंल रात्रभर. आन्‌ हिला पळायला वाट न्हाई. कोंडल्याचा राग बी आसंल. मी कोंडली तिला."

शिवम्मानं चप्पल फेकून बोका हाकलला. नागप्पांनी दगड काढून टोपलं उचललं.

भुरी हलली नाही. महानंदानं कोथिंबिरीची काडी पुढं धरली. भुरीनं वास घेतला, तोंड फिरवलं. पुन्हा वास घेतला. मग काडी तोंडात गेली आणि कुरकुर आवाज करत आखूड होत गेली.

"खाल्लं!" महानंदा ओरडली.

"हळू बोल, बया."

आणखी दोन काड्या संपल्या. बत्ताशी बाजेखालून बाहेर आली, दोघींनी नाकं जुळवली. मग भुरी एकदम झाडाच्या आळ्यातल्या मातीवरून धावत सुटली आणि हवेत उडाली. डोकं एका अंगाला, कंबर दुसऱ्या अंगाला, मागचे पाय झाडत. नागप्पांचा हात पुढं गेला. फेफरं असेल तर आता पडेल, तोंडाला फेस येईल. भुरी चारी पायांवर उतरली, वळली, पुन्हा उडाली. मागोमाग बत्ताशीही.

"दोघींला एका टायमाला फेफरं येत न्हाई," नागप्पा म्हणाले आणि खो खो हसायला लागले.

"मंग काय रोग हाय, मामा?"

"रोग न्हाई. खुशी हाय. खुशी आंगात मावंना झाली की अशी उडते."

"अडतीस वर्षांत कळलं न्हाई तुमाला?" शिवम्मानं विचारलं.

"कुठून कळंल? दवाखान्यात खूश जनावर कोण आणतंय?"

ते भिंतीला टेकून तसेच बसले. दुपारी लेंड्या दिसल्या, गोल, टपोऱ्या. महानंदानं त्या पेढे दाखवावेत तशा तळहातावर आणून दाखवल्या. नागप्पा उठता उठता म्हणाले, "माय, उद्या परत येतो. तपासायला न्हाई. नुसतं बघायला."