घासायचं नाही

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना धुण्यात आयाबाईंचा हात धरणारं वृद्धाश्रमात कुणी नव्हतं. पण स्वतःच्या बाबतीत ही बाई अगदीच अडाणी निघाली.

दोन महिन्यांपासून त्यांना शौचाच्या जागी खाज सुटत होती. खाज म्हणजे घाण, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून त्या जंतुनाशक साबणानं खसाखसा घासायच्या. वर सुगंधी ओल्या कागदानं पुसायच्या. खाज वाढली की साबणही वाढायचा. आता धड बसवत नव्हतं, चालवत नव्हतं. पेशंटांकडूनच काहीतरी चिकटलंय, ही धास्ती त्यांनी घेतली होती. मुख्य नर्सना कळलं तर काम जाणार. सांगायचं कुणाला? घरी एकच न्हाणीघर, आणि दहा मिनिटं झाली की सून दार वाजवायची. सगळीकडून कोंडी झाली होती.

एके दिवशी सकाळी त्या आश्रमातल्या मास्तरीणबाईंना धुवत होत्या. बाईंचे पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. नवी मदतनीस साबण घेऊन पुढे आली, तशा आयाबाई तिच्यावर खेकसल्या. तिथं साबण लावायचा नाही, कातडी कोरडी पडून चुरचुरते. कोमट पाणी, पुढून मागे. मऊ फडक्यानं नुसतं टिपायचं, घासायचं नाही.

मदतनीस बादली भरायला गेली. मास्तरीणबाई कुशीवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "महिनाभर बघतेय, तू खुर्चीच्या टोकावर बसतेस. स्वतःला कशी धुतेस गं?"

आयाबाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. साबण, कागद, सगळं.

"म्हणजे मी माणूस, आणि तू काय, जळकं पातेलं?"

आयाबाई हसल्या नाहीत. डोळे मात्र भरून आले. मास्तरीणबाईंनी मग बजावलं, की पंधरा दिवसांत उतार पडला नाही, किंवा रक्त दिसलं, तर सरळ डॉक्टर गाठायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी घरी आयाबाई न्हाणीघरात बसल्या. नुसतं पाणी घेतलं. साबणाशिवाय धुतल्यासारखं वाटेना, आपण घाणेरड्याच राहिलो असं वाटत होतं. खाज तर जिवावर उठली होती. त्यांनी बादलीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

बाहेरून सुनेनं दार वाजवलं. अजून किती वेळ, म्हणाली.

मऊ फडकं घेऊन त्यांनी हळूच टिपलं. दुखवू नये म्हणून हात आपोआप जपून चालत होता. आजवर कितीजणांना या हातानं जपलं, आणि तो हात आपल्याच वाट्याला कधी आला नव्हता, हे कळून त्यांना रडू फुटलं.

"थांब जरा," त्या आतून म्हणाल्या, "माझं व्हायचंय."