हनुवटीवरचे तीन तीळ

फोटो स्टुडिओत सगळे त्यांना रिटचबाई म्हणत. लोकांच्या चेहऱ्यावर देवाने जे काही मन लावून काढलेलं असतं, ते बाई अठरा वर्षं मन लावून पुसत होत्या. देवाची तक्रार कधी आली नाही. गिऱ्हाईकाची एकदाच आली, आणि तीही एवढीच की नवरदेवाच्या शेजारचा मेहुणा जास्त गोरा दिसतोय.

मालकाला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या लेखी संगणकातली सगळी हत्यारं सारखीच. "बाई, ते एक टिचकी मारायचं असतं ना, ते मारा आणि मोकळ्या व्हा!" बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टिचकीचं हत्यार म्हणजे स्पॉट हीलिंग. फोडावर टेकवलं की कुठून उचलायचं ते स्वतःच ठरवतं, आसपासची कातडी घेतं आणि डाग बुजवतं. स्वच्छ गालावर एकटी पुटकुळी असेल तर सोन्यासारखं काम. पण पुटकुळीशेजारी पुटकुळी असली की ते बिचारं शेजारच्या पुटकुळीचीच कातडी आणतं. आता हे मालकाला सांगून काय उपयोग? त्याचं लक्ष घड्याळाकडे.

तर एके दिवशी मलमवाले आले. हे डॉक्टर नव्हते, पण पांढरा कोट घालत, आणि कुणी डॉक्टरसाहेब म्हटलं तर चूक दुरुस्तही करत नसत. पिशवीतून त्यांनी एका मुलीचा फोटो काढला. गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे मुरूम.

"हा मलम लावण्याआधीचा," ते म्हणाले.

"आणि नंतरचा?" बाईंनी विचारलं.

"तो तुम्ही द्यायचा."

मालक फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत, पण फोटो स्कॅन करून कामाला बसल्या. नोकरी होती, घरात सोळा वर्षांची लेक होती, आणि खरं सांगायचं तर त्या फोटोत हात चालवायची खुमखुमीही होती. खोटं काम असलं तरी ते वाईट करायचं, हे बाईंच्या स्वभावात नव्हतं.

कपाळावरचे सुटे ठिपके स्पॉट हीलिंगने गेले. गालावर मात्र गर्दी होती. तिथे हीलिंग ब्रश. त्याला कातडी कुठून घ्यायची ते आपण दाखवायचं. बाईंनी कपाळाचा स्वच्छ तुकडा दाखवला. ब्रशने पोत तिथला घेतला, रंग आणि उजेड मात्र गालाचाच ठेवला, त्यामुळे सावलीतल्या गालावर उजळ ठिगळ दिसलं नाही. डाव्या गालावर रुपयाएवढा जुना व्रण होता. त्याला पॅच: व्रणाभोवती कुंपण घातलं, ते ओढून स्वच्छ जागेवर नेलं, सोडलं, की व्रणाच्या जागी ती कातडी येऊन बसली आणि कडा आपोआप मिसळल्या.

राहिली हनुवटीची कड. तिथे चेहरा संपतो आणि मागचा काळा पडदा सुरू होतो. अशा ठिकाणी हीलिंग ब्रश घोटाळा करतो. मिसळायच्या नादात पडद्याचा काळा रंगही कातडीत ओढतो आणि हनुवटीला काजळी फासल्यासारखं होतं. म्हणून तिथे क्लोन. क्लोनला मिसळणं बिसळणं माहीत नाही. जे दाखवाल ते जसंच्या तसं उचलून छापतो. कड कडेवर बसवायची, हलक्या हाताने, आणि दर ठशाला जागा बदलायची, नाहीतर चोरी पकडली जाते.

बाई जागा बदलणारच होत्या. पण मलमवाले पाठीशी उभे राहून मानेवर श्वास सोडत होते. "झालं का? छापखाना बंद होईल. झालं का?" बाईंनी कडेचा एकच तुकडा तीनदा मारला आणि फाईल दिली एकदाची.

आठ दिवसांनी बसथांब्यासमोर तो फलक लागला. बाईंनी मान वर केली आणि पाचावर धारण बसली. उचललेल्या तुकड्यात एक बारीकसा तीळ होता. आता हनुवटीवर तीन तीळ एका रांगेत उभे होते, प्रत्येकाशेजारी लवीचा एक केस, तिन्ही उजवीकडेच वाकलेले. बाई चार दिवस तोंड लपवून हिंडल्या. पण कुणाला काही दिसलं नाही. मलमवाल्यांनी तर दुकानासाठी आणखी दहा प्रती काढल्या. बाईंनीही मग तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप उघडलं ते न्हाणीघरात. साबणामागे त्याच मलमाच्या तीन नळ्या, पिळून चपट्या झालेल्या. आणि लेक आरशासमोर, गाल लालबुंद, सालं निघालेली.

"अगं, काय करून घेतलंस हे!"

"आधी थोडं जळतं. मग गुण येतो," लेक म्हणाली. "फलकावरच्या मुलीला आला नाही का?"

"तिला गुण मी आणलाय. स्टुडिओत बसून."

"काहीही! आई, तुला मी काही लावलेलं बघवतच नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. अठरा वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडले ते हेच, की कुणाला कळू नये. आणि आता पोटच्या पोरीलाही कळत नव्हतं! त्यांनी तिचा हात धरला आणि भर दुपारी बसथांब्यावर नेऊन उभं केलं.

"हनुवटी बघ. तीळ किती?"

"तीन. असू शकतात की."

"शेजारची लव बघ. तिन्हींची."

लेक बघत राहिली. एक बस आली, गेली. "सारखीच वाकलीय," ती म्हणाली. "म्हणजे बाकीचा चेहरा?"

"तोही माझाच. इथे क्लोनचा एकच ठसा तीनदा मारला, तिथे चूक केली नाही, एवढंच."

घरी येताना बाईंना वाटलं, आपण जिंकलो. उद्या खऱ्या डॉक्टरांकडे नेऊ, मालकाला सांगू की मलमवाल्यांचं काम यापुढे करणार नाही, काढून टाकायचं तर टाक म्हणावं. हे सगळं ठरवूनच त्यांनी घराचं कुलूप उघडलं.

लेक सरळ बाहेरच्या खोलीतल्या भिंतीपाशी गेली. तिथे तिचा दहावी पास झाल्याचा फोटो होता, चौकटीत, नितळ. सगळ्या मावश्या-आत्यांनी फोन करून वाखाणलेला.

"आणि यात काय वापरलंस?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण आत्ताच बसथांब्यावर खरं बोलून आल्या होत्या.

"कपाळावर स्पॉट हीलिंग. गालांवर हीलिंग ब्रश. हनुवटीखाली पॅच."

"क्लोन?"

"क्लोन नाही," बाई पटकन म्हणाल्या. आवाजात कणभर अभिमान आला आणि त्याची त्यांनाच लाज वाटली.

"मी सांगितलं होतं पुसायला?"

"नाही गं. लोक नावं ठेवतात. म्हटलं, छान दिसावीस."

लेकीने चौकट उतरवून छातीशी धरली. सालं निघालेल्या गालावरून पाणी उतरलं. मलमाने जळलेल्या जागी ते झोंबत असणार, पण तिने पुसलं नाही.

"फलकावरून फक्त दुकान कळलं, आई," ती म्हणाली. "मलम आणलं ते या फोटोसाठी. रोज येता-जाता तू यातल्या हिच्याकडे बघून हसतेस. मला वाटलं, तुला ही हवीय."