आखाचा हिशेब

आष्टीत आमचा बैलगाड्यांचा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा; मी तिथला मुनीम. सुतारकाम, लोहारकाम आणि रंगकाम अशी तीन खाती एकाच मोठ्या गाळ्यात चालत. वर्षाला साठेक गाड्या निघत. दोन्ही चाकं ज्या लोखंडी दांड्यावर फिरतात तो आख आमचा लोहारच घडवायचा. त्याच्या आखाची गाडी चढावर कुरकुरत नाही, असं गिऱ्हाईक सांगत. मला मात्र माझ्या वहीवर त्याच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. मी महिना पंधरा रुपये पगाराचा माणूस, आणि ऐट दिवाणाची!

एका पाडव्याच्या आधी नगरचा व्यापारी आला. त्याच्याकडे तयार आख होते. त्याचे इंग्रजी कलदार रुपये आपल्या निजामाच्या हाली रुपयांत केले, गाडीभाडं आणि नाक्यावरची करोडगिरी, म्हणजे जकात, त्यात धरली, तर आख आमच्या दारात दहा रुपयांना पडत होता. मालकांनी विचारलं, "आपल्याला घरचा कितीला पडतोय?"

मी वही उघडून ठणकावून सांगितलं, "अकरा."

ते अकरा असे होते: लोखंड पाच, कोळसा एक, घण मारणाऱ्याला नगामागे एक, लोहाराच्या सालाचे, म्हणजे वर्षाच्या मजुरीचे, एकशेवीस रुपये साठ आखांवर वाटून दोन, आणि उरलेले दोन गाळ्याचं भाडं नि माझा पगार यांच्या वाट्याचे. भाडं वर्षाला एकशेऐंशी, माझा पगारही तेवढाच. त्यांचे तीन सारखे वाटे करून तिन्ही खात्यांवर टाकायची आमची जुनी रीत होती. तिला कुणी कधी हात लावला नव्हता.

मालकांनी नगरचे आख घ्यायचं ठरवलं आणि पाडव्याला लोहाराला कामावरून कायमची रजा मिळाली. ऐरण आणि भाता त्याचेच होते. ते बैलगाडीत चढवून तो माझ्याकडे आला.

"मुनीमजी, माजं काम वंगाळ व्हतं का?"

"काम चांगलं होतं. महाग पडत होतं."

"म्या तर साल वाढवून मागितलं न्हाई. मग कावून महाग?"

मी वहीकडे बोट दाखवलं. वाचता न येणाऱ्या माणसाला वही दाखवण्यासारखा मुजोरपणा नाही, हे मला आज कळतं. तो मान खाली घालून गेला.

वर्ष सरलं. साठ रुपये वाचले असणार म्हणून मी खुशीत बेरीज मांडली, तर साठ रुपये जास्तच गेलेले. लोखंड, कोळसा, घणवाला, लोहाराचं साल हे सगळं थांबलं होतं. पण गाळा एकाच करारातला, त्यामुळे रिकाम्या भट्टीचं भाडंही पूर्ण द्यावं लागलं. ती जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही. मीही तोच होतो, त्याच पगारावर. लोहारखातं बंद झालं म्हणून त्याच्या वाट्याचे एकशेवीस मी रीतीप्रमाणे उरलेल्या दोन खात्यांवर टाकले होते, आणि सुताराची चाकांची जोडी एका रुपयानं महाग दिसू लागली होती.

मालक म्हणाले, "आता चाकंही नगरहून आणावीत म्हणतो."

बाहेर सुतार आरे तासत होता. मी वही मिटली.

"मालक, थांबा. चूक सुताराची नाही, माझी आहे. आख बंद केल्यानं जे थांबणार होतं, तेवढंच धरायला हवं होतं. ते नऊ रुपये. नवाचा आख सोडून आपण दहाचा घेतला."

मालक एवढंच म्हणाले, "जा, लोहाराला घेऊन या."

वडवणीकडच्या एका खेड्यात तो सासुरवाडीला राहत होता. दुसऱ्याच्या शेतात खुरपत होता. मी बांधावर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे, भाडं आन् तुमचा पगार माज्या आखावर व्हता?"

"होय."

"तुमचा किती?"

"एका आखावर एक रुपया."

"आन् म्या किती महाग व्हतो?"

"एक रुपया," मी म्हणालो.

तो हसला नाही, चिडलाही नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "ऐरण इकली, मुनीमजी. पोरं उपाशी ऱ्हात व्हती."

मी नवी ऐरण घेऊन देण्याचं बोललो. त्यानं नकाराची मान हलवली, खुरपं उचललं आणि ओळीला लागला. मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो. सुताराचं काम टिकलं. लोहार मात्र आला नाही, आणि माझा पगार त्यानंतरही महिन्याच्या महिन्याला मिळत राहिला.