सरासरी दहा दिवस

आमच्या गावात पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., गणित आणि संख्याशास्त्र घेऊन. हे मी आजही सांगतो आणि सांगताना लाजत नाही, कारण माझ्या आधी आमच्या घरात कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. थोरल्या भावानं, दादानं, नांगर धरला म्हणून मला पुस्तक धरता आलं. पदवी घेऊन आलो तेव्हा मुरबाडच्या हायस्कुलात तात्पुरता शिक्षक म्हणून लागलो. मंजुरी यायची होती, त्यामुळे तीन महिने पगार नव्हता. पण ‘मास्तर’ म्हणायला लोकांनी पगाराची वाट पाहिली नाही.

साठीच्या दशकातली गोष्ट. मुंबईचा मटका तेव्हा आमच्याकडे नुकता पोचला होता. मुंबईत रात्री मडक्यातून पत्ते काढायचे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा तो त्या दिवसाचा आकडा. शून्य ते नऊ, दहापैकी एक. आपला आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. रविवार सोडून रोज.

तो आकडा आमच्या धसईला यायचा सकाळच्या पहिल्या एसटीनं. कल्याणच्या बाजारात भाजी टाकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारा एक भाजीवाला होता. गाडी वळणावर आली की तो खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि आकड्याइतकी बोटं दाखवायचा. पाचाच्या वर असला तर दोन्ही हात. शून्य असलं तर मूठ. स्टँडसमोरचा शिंपी मशीनवरून न उठता ती बोटं बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. वर्षभराचे आकडे त्या कॅलेंडरवर. पंचांग बघावं तसे लोक ते बघायला यायचे. शिंपी स्वतः मात्र लावत नसे. म्हणायचा, “मी नुसता लिवतो. बाजारभाव लिवतात तसा.”

त्या मार्गशीर्षात आमच्या जोडीतला डावा बैल गेला. म्हातारा होता, गेला. पौषात म्हशाची जत्रा, तिथं बैलांचा मोठा बाजार भरतो. दादानं भात विकून एकशे ऐंशी रुपये गाठीला बांधले होते. चालता, शिकवलेला बैल दोनशे, सव्वादोनशेच्या खाली मिळत नव्हता. वीस-चाळीस कमी पडत होते. बैल आला नाही तर पावसाळ्यात भातशेताची चिखलणी कशी करायची, हा घरातला एकच विषय होता.

एका सकाळी मी मुरबाडच्या गाडीची वाट बघत शिंप्याच्या बाकावर बसलो होतो. दादा कॅलेंडरसमोर उभा राहून चाराचा आकडा शोधत होता. मला म्हणाला,

“काय रे, चौका बारा दिवस आलेला नाय. तू शिकलास ना एवढा, सांग बघू, एक आकडा किती दिवसांत येतो?”

दुकानात पाच-सहा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, “सरासरी दहा दिवस.”

उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पण मी तेवढंच बोललो आणि गाडी आली म्हणून उठून गेलो. मागं राहिलेल्या माणसांनी काय ऐकलं? चौका दहा दिवसांत येतो, बारा झाले, म्हणजे आता दारात उभा आहे. मास्तरानं सांगितलंय.

दादानं त्या दिवसापासून चौका धरला. चहाच्या टपरीमागं एकजण पैसे घेऊन मटक्याच्या चिठ्ठ्या फाडायचा, त्याच्याकडे. पहिले पाच दिवस एकेक रुपया, पुढचे पाच दिवस दोन-दोन. मला पत्ता नव्हता. दहाव्या दिवशी वहिनीनं सांगितलं.

“भावजी, तुमी काय सांगितलंत यांना? रोज सकाळी गाडीकडं पळतात. घरात इचारलं तर म्हणतात, आपल्या मास्तरचा हिशोब हाय.”

मी संध्याकाळी दादाला गाठलं. तो गोठ्यात उरलेल्या एकट्या बैलाला पेंढा टाकत होता.

“दादा, किती गेले?”

“पंधरा. जाऊ दे. तुझे दहा आज भरले. उद्या नाय तर परवा येतोय.”

“कोण म्हणतं?”

“तूच की! सरासरी दहा.”

“आजपासून धरलंस तरी सरासरी दहाच.”

दादा पेंढा टाकायचा थांबला. “त्या दिवशी दहा बोललास. दहा दिस गेले. आजपण दहाच? वाण्याचं वजन बरं तुझ्यापरीस!”

मी समजवायला बसलो. म्हटलं, असं बघ. आकडा यायला एक दिवस तर जातोच. त्या दिवशी दहांतून एकदा येतो, संपलं. दहांतून नऊदा येत नाही, आणि मग आपण पुन्हा पहिल्याच जागी. वाट बघायची ती सगळीच्या सगळी शिल्लक. म्हणजे पूर्ण वाट म्हणजे एक दिवस आणि वर त्याच वाटेचे दहातले नऊ हिस्से. ज्या संख्येतून तिचे दहातले नऊ हिस्से काढले की एक उरतो, ती संख्या दहा. म्हणून दहा. मडक्याला काय माहीत तू किती दिवस उभा आहेस?

“मडक्याला नसंल माहीत,” दादा म्हणाला, “पण चौक्याला हाय. किती दिस लपंल?”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पाच-पाच रुपये लावायला सुरुवात केली. बारा झाले, वर दहा झाले, असे दिवस मोजणाऱ्या माणसाला मी शक्यता सांगत होतो. माझं चुकलंच होतं आणि ते फळ्यावर सुटणारं नव्हतं.

असे सहा दिवस गेले. तीस रुपये. आधीचे पंधरा धरून पंचेचाळीस. गाठीला एकशे पस्तीस. जत्रेला आठवडा उरला होता. तेवढ्यात डिसेंबर संपला आणि शिंपी जुनं कॅलेंडर उतरवायला लागला. मी म्हटलं, हे मला द्या. रविवारी दुपारी दादाला ओढतच घेऊन आलो. शिंप्याच्या कापायच्या टेबलावर कॅलेंडरची पानं पसरली. शिंप्यानं आपला खडू दिला.

मी दादाला काम नेमून दिलं. “कुठलाही आकडा धर. दहा दिवस आला नाही अशी जागा शोध. तिथं बोट ठेव. मग पुढं किती दिवसांनी आला ते मोजून सांग. मी लिहितो.”

दादाला मोजणी पटकन यायची. भाताच्या पेंढ्या मोजलेला माणूस तो. चौक्यापासून सुरुवात केली, मग शून्यापासून नवापर्यंत सगळे घेतले. “तीन. एक. चवदा. सात. बावीस. दोन…” शिंपी मधेच म्हणायचा, “तो बावीसवाला आठवतोय मला. पंजा होता. तेव्हा चहावाल्यानं सायकल इकली.” उन्हं टेबलावरून खाली उतरली तरी मोजणी चालू होती. नव्वदच्या वर जागा निघाल्या. मी बेरीज केली, भागाकार केला, आणि खडूनं टेबलावर लिहिलं.

दहाला थोडं कमी.

“म्हणजे?” शिंप्यानं विचारलं.

“म्हणजे दहा दिवस थांबलेल्या माणसाला पुढं अजून सरासरी दहाच दिवस थांबावं लागलं. ज्यानं आज सुरुवात केली त्यालाही दहाच.”

दादानं खडूच्या आकड्यावर बोट ठेवलं. माझं नव्हतं ते, त्याच्याच बोटांनी मोजलेलं होतं. मग मी पुढचं सांगितलं, जे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. सरासरी म्हणजे मुदत नव्हे. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा आकडा सात दिवसांतच येतो. पण शंभरांतून पस्तीसदा दहा दिवसांत येतच नाही, आणि चारदा तीस दिवसांतही नाही. कॅलेंडरवर तीस-तीस दिवस कोरड्या गेलेल्या दहा-बारा जागा त्यानं स्वतः दाखवल्या होत्या. आणि रोज रुपया लावला तर सरासरी दहा रुपये जातात तेव्हा नऊ परत येतात.

“मग दहावा कुणाचा?” दादानं विचारलं.

शिंप्यानं टपरीकडे हनुवटी केली. “त्याचा. तो कुटं मोजत बसलाय?”

दादा उठला. “ऱ्हायलं,” म्हणाला. आणि खरंच सोमवारी त्यानं लावलं नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही.

गुरुवारी सकाळी गाडी वळणावर आली आणि खिडकीतून चार बोटं बाहेर आली.

मी तिथंच होतो. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अरे, मास्तरानं सोडायला लावला, आन् आला बघ!” सगळे हसले. दादा हसला नाही. मी कागद काढला. पाच-पाच लावत राहिला असता तर एकूण साठ गेले असते आणि पंचेचाळीस आले असते, पंधरा खोटच. हे मी त्याला दाखवलं.

“सोमवारपासून दहा लावणार होतो,” तो म्हणाला.

दहानं हिशोब केला. पंचाहत्तर गेले असते, नव्वद आले असते. पंधरा फायदा. आणखी दहा दिवस आला नसता तर, असं मी म्हणू शकत होतो. पण तो आला होता. माझं गणित बरोबर होतं आणि सगळ्या बाजारासमोर मी खोटा ठरलो होतो. पदवी घेताना हे कोणी शिकवलं नव्हतं.

म्हशाला आम्ही दोघं गेलो. पगार अजून आलेला नव्हता, माझ्या खिशात जाण्यायेण्याचे पैसे. दादा चालत्या बैलांच्या रांगेतून दोनदा फिरला. दातांत बोट घालून बघायचा, खांद्याचा घट्टा चाचपायचा, भाव ऐकून पुढं सरकायचा. शेवटी बाजाराच्या कडेला, एका ठाकूर म्हाताऱ्याकडचा गोऱ्हा एकशे पंचवीसला घेतला. अंगानं चांगला, पण मानेवर जू कधी पडलेलं नव्हतं.

“वरीस जाईल याला शिकवायला,” दादा म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला नाही, गोऱ्ह्याकडं बघून म्हणाला.

दादानं मटका कायमचा सोडला असं मी सांगणार नाही. जत्रा-सणाला आठ आणे लावायचा. पण लावायचा तो त्या दिवसापुरता. “बारा दिस आला नाय” असलं कोणी बोललं की म्हणायचा, “मग? तुला वळखतो काय तो?” पुढं शहापूरला माझी कायमची नेमणूक झाली. तिथं दरवर्षी मी वर्गात दहा चिठ्ठ्यांचा डबा ठेवून मुलांना हेच करायला लावलं, आणि उत्तर सांगायच्या आधी मुदत आणि सरासरी वेगळी करून घेतली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र गोऱ्हा चिखलात सरळ चालेना. जुना उजवा बैल बांधाबरोबर जायचा आणि हा डावीकडं ओढायचा. शाळा अकराची. त्याआधी रोज सकाळी मी त्याची वेसण धरून पुढं चालायचो, दादा मागं नांगरावर. गुडघाभर चिखल.

“मान खाली धर त्याची. खाली! तुझी नाय, त्याची.”

लावणी आवरायला आम्हाला आठ दिवस उशीर झाला.