कमानीची साल

बाच्या अंगठ्यावर कोयता बसला तेव्हा संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. आम्ही बीडचे बुरूड. एरवी सुपं, टोपल्या करायचो. पण थंडीत पलीकडच्या गल्लीत पतंग करणाऱ्या खालाला कामट्या लागत, त्या आमच्याकडून जात. बाने मला निरोप दिला, यंदा दुसऱ्याकडून घे म्हणावं. मी तो सांगितलाच नाही. बारा वर्षांची होते, पण काम एकदा दुसऱ्या दारी गेलं की परत येत नाही, एवढं कळत होतं.

सुरी घेऊन बसले. पतंगाचा उभा दांडा सोपा. आडवी कमान अवघड, मधे जाडसर आणि दोन्ही टोकांना निमुळती. प्रत्येक कमान मधोमध बोटावर तोलायची आणि जड बाजू तासायची. आतून तासताना सुरी गरात घुसून कामटी फाटायची, म्हणून मी सरळ वरच्या हिरव्या सालीवरून तासत गेले. सगळ्या तोलात बसल्या. चार जुड्या बांधून खालाकडे नेल्या.

खालाने एक कमान घेऊन पतंग चिकटवला, वाळल्यावर माळवदावर नेऊन सोडला. पतंग वर गेला, उजवीकडे कलला, गिरक्या घेत शेजारच्या लिंबात अडकला. मी घाईने म्हणाले, दोरा चुकीचा बांधला असेल.

तिने पतंग उतरवून माझ्यापुढे धरला. पतंगाला बांधायच्या त्या दुहेरी दोऱ्याला ती कन्ने म्हणे. एक टोक दांडा आणि कमान जुळतात तिथे, दुसरं खाली दांड्यावर. खालचा दोरा वरच्यापेक्षा बोटभर लांब. तो बरोबरच होता. मग तिने जुडीतली दुसरी कमान काढली आणि दोन्ही टोकं धरून वाकवली. एक बाजू कमी वाकली, दुसरी जास्त.

“तोलून बघितलीस, वाकवून न्हाई बघितलीस. बांबूची ताकद सालीत ऱ्हाते, पोरी. बुरडाच्या लेकीला म्या सांगावं का हे?”

मी जुड्या उचलायला लागले.

“नेतीस कावून? दुसऱ्या बाजूचीबी साल काढ, आखूड कर, फिरून तोल. बारके पतंग होतील. मोठ्यांसाठी नव्या कर, पर आतून तास.”

चार दुपारी मी तिच्या ओसरीवर बसून कामट्या केल्या. प्रत्येक कमान तिने वाकवून पाहिली, अर्ध्याअधिक परत केल्या. रागावली एकदाही नाही, शाबासकीही दिली नाही. शेवटच्या दिवशी नव्या कमानीचा पतंग सोडून दोरी माझ्या हातात दिली. तो सरळ चढला.

पुढे मी पुष्कळांकडून पुष्कळ शिकले. पण बिघडलेलं काम मोडीत न काढता माझ्याच हातून दुरुस्त करून घेणारं माणूस मला ते एकच भेटलं, आणि त्या उपकाराची जाणीव मला आजही आहे. दुसऱ्या वर्षी बाचा हात बरा झाला. तो स्वतः कामट्या विचारायला गेला, तर खालाने त्याला ओसरीवरूनच सांगितलं, “कमानी पोरीलाच करू दे.”